टोयोटाने साठा कुठे ठेवला आणि कुठे नाही

१ फेब्रुवारी १९९७ हा शनिवार होता. पहाटे जपानमधल्या कारिया शहरात आयसिन सेकी या कंपनीच्या एका कारखान्याला आग लागली आणि सकाळ होईपर्यंत त्यातली जवळपास सगळी यंत्रं निकामी झाली. तिथे पी-व्हॉल्व्ह बनत असे. मुठीत मावेल एवढा हा सुटा भाग ब्रेक दाबल्यावर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या तेलाचा दाब आवरून धरतो, म्हणजे मागची चाकं एकदम अडकून गाडी घसरत नाही. किमतीने अगदी किरकोळ, पण त्याच्याशिवाय गाडी कारखान्याबाहेर काढता येत नाही. टोयोटाला लागणारे जवळजवळ ९९ टक्के पी-व्हॉल्व्ह याच एका छपराखाली तयार होत होते आणि टोयोटाच्या स्वतःच्या कारखान्यांत त्यांचा साठा फारच थोडा होता. मंगळवार उजाडला तोवर टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाइन बंद पडल्या होत्या.

कमीत कमी साठ्यावर कारखाना चालवण्याच्या पद्धतीला जस्ट-इन-टाइम म्हणतात. तिचं सूत्र सोपं आहे: लागेल ते, लागेल तेव्हा, लागेल तितकंच. न जाणो लागलं तर, म्हणून आधीच माल भरून ठेवायचा, ही दुसरी पद्धत. तिला जस्ट-इन-केस असं नाव पडलं. करोनाच्या काळात जगभर माल अडकला, तेव्हा पहिली पद्धत मोडीत निघाली आणि आता सगळ्यांनी गोदामं भरायला हवीत, असं बरंच लिहिलं गेलं. पण जिने ही पद्धत घडवली त्या कंपनीने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एकामागून एक बसलेल्या दणक्यांनंतर काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, हे क्रमाने पाहिलं तर निष्कर्ष वेगळा निघतो.

कार्डांचा हिशेब

टोयोटाची पद्धत मुख्यतः ताइची ओनो या अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत बसवली. तिचं रोजचं साधन म्हणजे कानबान नावाचं कार्ड. सुट्या भागांच्या प्रत्येक डब्याला एक कार्ड लावलेलं असतं. लाइनवरच्या कामगाराने डबा वापरायला घेतला की ते कार्ड मागे, पुरवठादाराकडे जातं, आणि एक कार्ड आलं म्हणजे एकच डबा भरून पाठवायचा. कार्ड नसेल तर माल बनवायचा नाही आणि पाठवायचाही नाही. त्यामुळे फिरतीवर किती कार्डं ठेवायची, हे ठरलं की साठा किती राहणार, हेही आपोआप ठरतं.

कार्डांची संख्या साध्या गुणाकार-भागाकाराने निघते. रोजची गरज गुणिले डबा भरून येईपर्यंतचा वेळ, त्यात थोडी राखीव भर आणि एका डब्यात जितके नग बसतात तितक्याने भागायचं. समजा, एका कारखान्यात रोज १,००० गाड्या बनतात आणि प्रत्येक गाडीला एक व्हॉल्व्ह लागतो. कार्ड गेल्यापासून भरलेला डबा येईपर्यंत अर्धा दिवस जातो. राखीव भर १० टक्के आणि डब्यात २५ नग. १,००० गुणिले अर्धा म्हणजे ५००, त्यावर १० टक्के धरून ५५०, भागिले २५, म्हणजे २२ कार्डं. पूर्ण कारखान्यात आणि वाटेवर मिळून ५५० पेक्षा जास्त व्हॉल्व्ह कधीच असणार नाहीत.

एवढा काटेकोरपणा निव्वळ गोदामाचं भाडं वाचवण्यासाठी नव्हता. समजा, पुरवठादाराच्या यंत्रातलं ड्रिल झिजलं आणि व्हॉल्व्हचं भोक किंचित वाकडं पडू लागलं. साठा अर्ध्या दिवसाचा असेल, तर तो वाकडा नग त्याच दिवशी लाइनवरच्या माणसाच्या हातात पडतो, तो ओरड करतो आणि ड्रिल बदललं जातं. साठा महिन्याचा असेल तर दोष महिन्याने कळतो आणि तोवर गोदामात हजारो वाकडे नग जमलेले असतात. भरपूर साठा असला की यंत्र बंद पडलं, माल उशिरा आला, कामगार कमी आला, तरी कुणाचं अडत नाही. म्हणून यातलं काहीच मुळापासून दुरुस्त होत नाही. ओनोंचा साठ्यावरचा राग या कारणासाठी होता, आणि टोयोटाच्या गाड्यांचा दर्जा वाढण्यामागे या शिस्तीचा मोठा वाटा आहे.

आता त्या हिशेबाकडे पुन्हा पाहा. त्यातली १० टक्क्यांची भर रहदारीसाठी आहे. ट्रक अडकला, एखादं यंत्र तासभर थांबलं, तर ती पुरते. पुरवठादाराचा कारखाना जळून गेला तर काय, हा प्रश्न या हिशेबात कुठेच विचारलेला नाही.

आठवड्यात सावरलेली दोन संकटं

तरीही १९९७ च्या आगीनंतर टोयोटाने गोदामं भरली नाहीत, कारण कारखाने आठवड्याभरातच पुन्हा सुरू झाले. आयसिनने व्हॉल्व्हचे आराखडे ज्याला हवे त्याला देऊन टाकले. टोयोटाचे इतर पुरवठादार, त्यांचे पुरवठादार, छोटी वर्कशॉप्स अशा सुमारे दोनशे कंपन्या कामाला लागल्या. कुणी यंत्रं दिली, कुणी जिग आणि कटर बनवले, तर साठाहून अधिक ठिकाणी प्रत्यक्ष व्हॉल्व्हच बनू लागले. गाड्यांच्या भागांशी संबंध नसलेली, शिलाई यंत्रं आणि फॅक्स मशीन बनवणारी ब्रदर ही कंपनीसुद्धा त्यात होती. चार दिवसांच्या आत पहिले वापरण्याजोगे व्हॉल्व्ह टोयोटाच्या हाती पडले. किंमत किंवा करार ठरण्याची वाट कुणी पाहिली नाही. हिशेब मागाहून झाले. तोशिहिरो निशिगुची आणि अलेक्झांडर बोडे या अभ्यासकांनी या घटनेवर लिहिलेला निबंध आजही व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना वाचायला देतात.

१६ जुलै २००७ रोजी निगाता प्रांतात भूकंप झाला आणि काशिवाझाकी इथला रिकेन कंपनीचा कारखाना थांबला. तिथे पिस्टन रिंग बनत. पिस्टनभोवतीचं हे लोखंडी कडं स्वस्त असतं, पण त्याच्याशिवाय इंजिन जुळत नाही. टोयोटाचे जपानमधले सगळे कारखाने थांबले, इतर कंपन्यांनाही झळ बसली. पुन्हा तसंच घडलं. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली शेकडो माणसं काशिवाझाकीला पाठवली, हललेली यंत्रं सरळ केली आणि काही दिवसांत रिंगा बनू लागल्या.

या दोन्ही वेळी टोयोटाचा निर्णय हिशेबाला धरून होता. व्हॉल्व्ह आणि रिंग या धातू कापून-घासून बनणाऱ्या वस्तू आहेत. आराखडा, चांगलं यंत्र आणि हुशार फिटर असला की त्या दुसरीकडे बनवता येतात. संकटानंतर पुरवठा पुन्हा सुरू व्हायला आठवडा लागणार असेल, तर त्या आठवड्यासाठी हजारो वेगवेगळ्या भागांचा साठा वर्षानुवर्षं सांभाळणं महागात पडतं. पण या निर्णयाखाली एक गृहीतक दडलेलं होतं. गाडीतला कोणताही भाग आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा बनवता येईल, हे ते गृहीतक. चार वर्षांनी ते खोटं ठरलं.

२०११: माणसं पाठवून न सुटलेला पेच

११ मार्च २०११ च्या ९.० क्षमतेच्या भूकंपाने आणि त्सुनामीने ईशान्य जपान उद्ध्वस्त झाला. टोयोटाचे बहुतेक मोठे कारखाने त्या भागापासून दूर, आयची प्रांतात होते, तरी देशातलं सगळं उत्पादन थांबवावं लागलं. कोणते भाग मिळणार नाहीत, याची यादी करायला घेतली तेव्हा ती शेकड्यांत गेली. त्याहून धक्कादायक बाब अशी की, यातल्या अनेक वस्तू कोण बनवतो, हेच टोयोटाला ठाऊक नव्हतं. टोयोटा आपल्या थेट पुरवठादारांना ओळखत होती. त्यांच्या पुरवठादारांचे पुरवठादार कोण, हे शोधण्यातच आठवडे गेले.

समज असा होता की पुरवठ्याची रचना पिरॅमिडसारखी असते. वर एक टोयोटा, खाली शेकडो कंपन्या, त्यांच्याखाली हजारो. म्हणजे तळाशी एक कारखाना बुडाला तरी बाकीचे आहेतच. प्रत्यक्षात खाली उतरत गेल्यावर रचना पुन्हा निमुळती होत होती. वेगवेगळे वाटणारे अनेक पुरवठादार तळाशी एकाच कारखान्यातून माल घेत होते. जपानमध्ये या आकाराला हिऱ्याची उपमा दिली गेली. याचं लख्ख उदाहरण गाडीच्या रंगात सापडलं. उन्हात चमचमणाऱ्या काही रंगांत झिरॅलिक नावाची भुकटी असते. जर्मन कंपनी मर्क ती बनवते, आणि त्या वेळी जगात तिचा एकच कारखाना होता, फुकुशिमा प्रांतातल्या ओनाहामा इथे. तो बंद पडला आणि अमेरिकेतल्या फोर्डला आपल्या विक्रेत्यांना एका काळ्या रंगाच्या गाड्यांची नोंदणी थांबवायला सांगावं लागलं. रंग तीन कंपन्यांकडून घेतला असता तरी उपयोग झाला नसता. भुकटी एकाच ठिकाणाहून येत होती.

रंग बदलता येतो. मायक्रोकंट्रोलर बदलता येत नाही. ही बोटाच्या नखाएवढी चिप इंजिनातलं इंधन, ब्रेक, एअरबॅग, खिडक्या यांचं नियंत्रण करते. त्या काळी जगातल्या गाड्यांना लागणाऱ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये रेनेसास या एका कंपनीचा वाटा सुमारे ४० टक्के होता, आणि तिचा नाका इथला महत्त्वाचा कारखाना भूकंपाच्या तडाख्यात सापडला. गाड्यांच्या कंपन्यांनी इथेही माणसं पाठवली. दुरुस्तीला दिवसाला दोन-अडीच हजार माणसं राबत होती. तरी उत्पादन जूनमध्येच सुरू झालं, आणि तेही जेमतेम.

हा उशीर माणसांच्या कामात नव्हता, वस्तूच्या स्वभावात होता. चिप सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो टप्प्यांतून घडते. धुळीचा कणही चालत नाही अशा खोलीत थरावर थर चढवले जातात, कोरले जातात, भाजले जातात. चकती आत गेल्यापासून बाहेर यायला दोन-तीन महिने लागतात; पुढे तुकडे करणं, वेष्टन आणि चाचणी. म्हणजे कारखाना आज दुरुस्त झाला तरी पहिली चिप हातात यायला आणखी एक ऋतू सरतो. शिवाय एका कारखान्यासाठी आखलेली चिप दुसऱ्या कारखान्यात तशीच बनत नाही. ती प्रक्रिया नव्याने बसवावी लागते आणि ब्रेकसारख्या जिवाशी संबंध असलेल्या कामासाठी सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. शिलाई यंत्रवाल्याने इथे मदतीला येण्याची सोयच नव्हती. टोयोटाची गाडी पूर्ण रुळावर यायला सुमारे सहा महिने लागले.

भागागणिक वेगळा साठा

यानंतर टोयोटाने दोन कामं केली. पहिलं काम माहितीचं. रेस्क्यू नावाची यंत्रणा उभारून पुरवठ्याच्या खालच्या थरांपर्यंत कोणता भाग कुठे बनतो, याची नोंद सुरू झाली. त्यात काही लाख ठिकाणं आहेत. कुठे भूकंप झाला की त्या परिसरात आपला कोणता भाग बनतो, हे लगेच कळू लागलं.

दुसरं काम साठ्याचं. ज्या भागांना सावरायला फार वेळ लागतो, त्यांच्यापुरती वेगळी व्यवस्था झाली. चिप पुरवणाऱ्यांनी मागणीपासून माल मिळेपर्यंत लागणाऱ्या वेळानुसार दोन ते सहा महिन्यांचा साठा टोयोटासाठी राखून ठेवायचा. व्हॉल्व्ह, सीट, काचा, बंपर मात्र पूर्वीसारखे कार्डावर, तासांच्या हिशेबानेच येत राहिले.

हा भेद का केला, ते मघाच्या काल्पनिक कारखान्यावरच पाहू. रोज १,००० गाड्या. प्रत्येक गाडीत १५० रुपयांच्या दोन चिप्स. ९० दिवसांच्या चिप्सची किंमत होते २ कोटी ७० लाख रुपये. व्याज, विमा, जागा, खराबी धरून साठा सांभाळण्याचा खर्च वर्षाला १५ टक्के मानला, तर तो सुमारे ४० लाख रुपये. आता सीट घ्या. एका गाडीचा संच ३०,००० रुपयांचा. ९० दिवसांचा साठा २७० कोटींचा, आणि सांभाळण्याचा वार्षिक खर्च ४० कोटींच्या वर. शिवाय ९०,००० गाड्यांच्या सीट ठेवायला केवढं छप्पर लागेल! आणि गिऱ्हाइकाला काळ्या हव्यात की तपकिरी, हे आज कुणाला सांगता येणार?

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात लाइन बंद पडण्याचं नुकसान ठेवा. एका गाडीमागे ५०,००० रुपये बुडतात असं धरलं, तर दिवसाला ५ कोटी. चिपचा साठा दहा वर्षं सांभाळण्याचा खर्च सुमारे ४ कोटी, म्हणजे लाइन एक दिवस बंद राहण्याच्या नुकसानापेक्षाही कमी. चिपवाल्या कारखान्याला सावरायला तीन महिने लागणार असतील, तर हा साठा न ठेवणं हा वेडेपणा आहे. सीटचा साठा मात्र वर्षाला आठ दिवसांच्या बंदीएवढं नुकसान स्वतःच करतो, आणि सीट जोडण्याचं काम मोडलं तरी ते काही दिवसांत दुसऱ्या शेडमध्ये हलवता येतं.

घरात कुणी वर्षाचे तांदूळ भरतं, पण वर्षाची मेथी भरत नाही. ज्याला त्याला त्याचा नियम लागतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे डेव्हिड सिमची-लेव्ही यांनी फोर्ड कंपनीबरोबर काम करताना हाच नियम दोन आकड्यांत मांडला. पहिला आकडा, एखादं ठिकाण बंद पडल्यावर त्याला सावरायला किती वेळ लागेल. दुसरा, त्याच्याशिवाय आपण किती वेळ तग धरू शकतो. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तिथे धोका आहे. बाकी ठिकाणी साठा वाढवण्यात अर्थ नाही. या पद्धतीचा फायदा असा की आग लागेल की पूर येईल, त्याची शक्यता किती टक्के, हे भाकीत करत बसावं लागत नाही. कारण काहीही असो, सावरायला किती दिवस लागतील एवढंच विचारायचं. असं विचारत गेलं की अनेकदा मोठी, महाग वस्तू बाजूला राहते आणि धोका एखाद्या किरकोळ वस्तूत निघतो.

२०२१: साठा चालला आणि संपला

२०२० च्या वसंतात करोनामुळे गाड्यांची विक्री कोसळली, तेव्हा अनेक कंपन्यांनी चिप्सच्या मागण्या रद्द केल्या. चिप कारखान्यांनी ती क्षमता लॅपटॉप, फोन आणि गेमिंगच्या यंत्रांना देऊन टाकली. वर्षाअखेरीस गाड्यांना अपेक्षेपेक्षा लवकर गिऱ्हाईक आलं, पण चिप्सच्या रांगेत गाड्यांच्या कंपन्या शेवटच्या होत्या. २०२१ च्या सुरुवातीला फोर्ड, जनरल मोटर्स, फोक्सवॅगन, होंडा यांनी उत्पादन कापलं. टोयोटालाही किरकोळ झळ बसली, पण फेब्रुवारीत तिने आपल्याकडे चार महिन्यांपर्यंतच्या चिप्स असल्याचं सांगितलं आणि नफ्याचा अंदाजही वाढवला. १९ मार्चला रेनेसासच्या त्याच नाका कारखान्यात आग लागली, तरी तिच्या लाइन बऱ्याच अंशी चालू राहिल्या. त्या वर्षी अमेरिकेत टोयोटाने जनरल मोटर्सपेक्षा जास्त गाड्या विकल्या. तिथला पहिला क्रमांक जनरल मोटर्सकडे १९३१ पासून होता.

पण १९ ऑगस्ट २०२१ रोजी टोयोटाने सप्टेंबरचं जगभरातलं उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे ९ लाख गाड्यांऐवजी ५ लाख ४० हजार. मलेशिया आणि व्हिएतनाममध्ये करोनाच्या नव्या लाटेने चिप्सचं वेष्टन-चाचणी करणारे आणि तारांचे जुडगे बनवणारे कारखाने बंद होते, आणि एव्हाना चिप्सचा तुटवडा सुरू होऊन आठ-नऊ महिने झाले होते. चार महिन्यांचा साठा एवढ्या लांबीच्या तुटवड्याला पुरणार नव्हता.

साठ्याची ही मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. एक कारखाना बंद पडला आणि तो कधीतरी सुरू होणार आहे, अशी दरी साठा भरून काढतो. जगाची एकूण मागणीच उत्पादनक्षमतेपेक्षा जास्त झाली, तर साठा फक्त आपली पाळी पुढे ढकलतो. तिथे उपाय वेगळे असतात: मागण्या रद्द न करता रांगेतली जागा राखणं, चिप कंपनीशी लांब मुदतीचे करार, नव्या गाडीचा आराखडा करतानाच दोन कारखान्यांत बनणारी चिप निवडणं. यातलं काहीच गोदामात ठेवता येत नाही.

त्या काळात महाराष्ट्रातही लोकांनी याची झळ सोसली. चाकणला बनणाऱ्या काही गाड्यांसाठी वर्षभर आणि त्याहून जास्त थांबावं लागलं, ते लोखंडासाठी नव्हे, चिप्ससाठी.

साठ्याचा संबंधच नसलेली संकटं

फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी कोजिमा इंडस्ट्रीज या पुरवठादाराच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. ही कंपनी गाडीच्या आतले प्लास्टिकचे भाग बनवते. तिचे कारखाने धडधाकट होते, मालही होता. पण कुठे, किती, केव्हा पाठवायचं, हे सांगणारी यंत्रणा बंद पडली. १ मार्चला टोयोटाच्या जपानमधल्या १४ कारखान्यांतल्या २८ लाइन दिवसभर थांबल्या. सुमारे १३,००० गाड्या त्या दिवशी बनल्या नाहीत.

ऑगस्ट २०२३ मध्ये तर बाहेरचा हल्लाही नव्हता. सुट्या भागांच्या मागण्या हाताळणाऱ्या टोयोटाच्या सर्व्हरवर देखभालीचं काम चालू असताना डिस्कमधली जागा संपली आणि यंत्रणा थांबली. पर्यायी सर्व्हर होते, पण ते त्याच यंत्रणेवर चालत असल्याने तेही तसेच बंद पडले. देशभरातलं उत्पादन पुन्हा थांबलं.

राखीव सर्व्हरची ही गोष्ट राखीव मालालाही लागू पडते. मुख्य वस्तूवर पडणारा घाव राखीव वस्तूवरही पडणार असेल, तर ती राखीव नव्हेच. चिप कारखान्यात प्रक्रियेत असलेल्या हजारो चकत्या कागदावर आपला येणारा माल म्हणून दिसतात, पण भूकंपात त्या कारखान्याबरोबरच जातात. पुरवठादाराच्या अंगणातल्या गोदामात ठेवलेला साठा त्याच पुरात भिजतो. म्हणून साठा किती, याइतकाच तो कुठे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

भीतीपोटी भरलेली गोदामं

सावधगिरीचा अतिरेकही महाग पडतो, हे २०२२ मध्ये दिसलं. माल मिळत नाही म्हणून अमेरिकेतल्या दुकानदारांनी लवकर आणि जास्त मागवलं. टार्गेट या मोठ्या साखळीचा साठा २०२२ च्या पहिल्या तिमाहीत आदल्या वर्षापेक्षा ४३ टक्क्यांनी वाढला. तोवर लोकांची आवड बदलली होती. घरात बसून वापरायच्या वस्तू मागे पडल्या. जूनमध्ये कंपनीला मागण्या रद्द कराव्या लागल्या आणि माल पडेल भावाने काढावा लागला.

तुटवड्यात प्रत्येक जण हेच करतो. दहा हवे असतील तर मिळतील तेवढे मिळोत म्हणून तीन ठिकाणी दहा-दहा नोंदवतो. पुरवठादाराला तीस दिसतात, तो क्षमता वाढवतो, आणि तुटवडा ओसरला की वीस रद्द होतात. म्हणून तुटवडा ऐन भरात असताना साठा वाढवू नये. तो शांत काळात, किंमत उतरलेली असताना, थोडा थोडा उभा करावा. आणि तो फिरता ठेवावा: जुना माल आधी लाइनवर, नवा त्याच्या जागी. न फिरणाऱ्या साठ्यातल्या चिप्स ओल धरतात, आराखडा बदलला की जुन्या ठरतात, आणि संकट येतं तेव्हा कामाच्या नसतात.

साठ्याचे पैसे कोण भरतं

राहिला पैशांचा प्रश्न. टोयोटाच्या चिप्सचा साठा पुरवठादारांकडे होता. टोयोटा दरवर्षी पुरवठादारांकडून किमती थोड्या उतरवून घेते. साठा ठेवणाऱ्यांना त्या कपातीतला काही भाग परत देण्याची व्यवस्था झाली. म्हणजे साठ्याची किंमत मान्य करून ती भरली गेली. म्हणूनच २०२१ मध्ये तो साठा खरोखर जागेवर सापडला.

अनेक ठिकाणी असं होत नाही. मोठी कंपनी आपल्या आवारात दोन तासांचा माल ठेवते आणि जस्ट-इन-टाइम चालवतो म्हणते. प्रत्यक्षात पंधरा दिवसांचा माल भोसरी-चाकणच्या एखाद्या छोट्या उद्योजकाच्या शेडमध्ये, त्याच्या कॅश क्रेडिटच्या व्याजावर पडलेला असतो. वेळेवर माल दिला नाही तर दंड त्याला आणि बिलाचे पैसेही उशिरा त्यालाच. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा २००६ पासून आहे, पण साठा कुणाच्या खर्चाने पडून राहतो, हे त्या कायद्यात येत नाही. अशा व्यवस्थेत साठा कमी होत नाही, फक्त दुसऱ्याच्या अंगावर जातो. आणि ज्याला तो परवडत नाही, तो ऐन संकटाच्या आधी हळूच कमी करतो. संकट आल्यावर कागदावरचा पंधरा दिवसांचा माल प्रत्यक्षात तीन दिवसांचा निघतो. हे आधी ओळखायचं असेल तर वरच्या कंपनीने वर्षातून एक-दोनदा शेडमध्ये जाऊन नग मोजावेत आणि ठरलेला साठा ठेवण्याचा दर खरेदीच्या ऑर्डरमध्ये वेगळा लिहावा.

टोयोटाने २०११ नंतर जस्ट-इन-टाइम सोडलं नाही. कुठलाही साठा कारणाशिवाय असू नये, या ओनोंच्या आग्रहाला तिने अपवाद केला असंही नाही; चिप्सना मिळालेलं कारण हिशेबाने सिद्ध झालं, म्हणून त्यांचा साठा आला, आणि सीटना ते मिळालं नाही, म्हणून त्या आजही तासांच्या हिशेबाने येतात. एखाद्या कारखान्याला, दवाखान्याला किंवा औषधांच्या दुकानाला यातून घ्यायचं असेल तर कामाची सुरुवात गोदाम बांधण्यापासून करू नये, यादीपासून करावी. प्रत्येक वस्तूसमोर लिहावं: ती शेवटी कुठे बनते, ते ठिकाण बंद पडलं तर सावरायला किती दिवस, आपल्याकडे किती दिवसांचा माल, आणि तो त्याच आपत्तीच्या टप्प्याबाहेर आहे का. बहुतेक ओळींपुढे काहीच करावं लागणार नाही. ज्या थोड्या ओळींत सावरण्याचे दिवस हातातल्या मालापेक्षा जास्त निघतील, तिथे साठा करावा, आणि त्याचे पैसे कोण देणार, हे त्याच कागदावर, त्याच दिवशी लिहून टाकावं.